गुरुवारचा निरोप आणि सिस्टर

आमचं दुकान चंद्रपुरात परकोटाच्या आत आहे. कोशाच्या साड्या, ओढण्या, ड्रेसपीस. अब्बांनी सुरू केलं, आता मी आणि माझा धाकटा भाऊ चालवतो. कोसा रेशीम ही रोज घ्यायची वस्तू नाही. एक बाई वर्षातून एकदा येते, फार तर दोनदा. पण आली की पुढची वीस वर्षं येते. मुलीच्या लग्नाला येते, मग नातीच्या बारशाला येते. अशा बायका जिल्हाभर पसरलेल्या. कोणी शिक्षिका, कोणी नर्स, कोणी ग्रामसेविका. बदली झाली की अहेरी, एटापल्ली, जिवती, कुठंही जातात. त्यांच्यासाठी भावानं टेलिग्रामवर ग्रुप काढला. खाजगी ग्रुप. लिंक फक्त जुन्या गिऱ्हाइकांना द्यायची, त्यांनी विनंती टाकली की आम्ही ओळख पटवून आत घ्यायचं.

भाऊ उत्साही माणूस आहे. माल आला की तो एकेका साडीचे चारचार फोटो टाकायचा. पदर वेगळा, काठ वेगळा. सकाळी गुलाबाचं फूल, सणाला दिवे, मध्येच कुठून तरी आलेला आरोग्याचा सल्ला. ग्रुपात सगळ्यांना लिहायची मोकळीक होती, मग बायकाही फुलं टाकायला लागल्या. एकीनं पापडाची जाहिरात टाकली, दुसरीनं विम्याची. पहिल्या महिन्यात आम्हाला वाटलं, काय रौनक आहे! दुसऱ्या महिन्यात मी पाहिलं तर फोटो टाकून दिवस उलटला तरी वाचणाऱ्यांत जेमतेम आठ-दहा चेहरे. बाकीच्यांनी आवाज बंद करून ठेवला होता. काही जणी चुपचाप निघून गेल्या होत्या.

आणि मग एटापल्लीच्या सिस्टर दुकानात आल्या.

त्या तिकडच्या एका उपकेंद्रात नर्स होत्या. ठेंगण्या, उन्हानं रापलेल्या, बोलायला सडेतोड. आल्या आल्या पर्स काउंटरवर ठेवली आणि भावाला म्हणाल्या, "भाऊ, तुमाले एक सांगू का? आमच्या गावात नेटवर्क नाई. टेकडीवर एक मोहाचं झाड आहे, तिथी जाऊन उभं राह्यलं तर दोन कांड्या येतात. मी हप्त्यातून एकदा जाते. अन मोबाइल चालू केला का पह्यले तुमचे चाळीस गुलाब उतरतात. माह्या पोरीचा मेसेज मागं अडकून राह्यते."

भाऊ हसला. "सिस्टर, प्रेमानं पाठवतो ना."

"प्रेम कमी करा," त्या म्हणाल्या. "मी झाडाखाली उभी असते, भाऊ. तिथी अस्वलं येतात."

त्या दिवशी त्यांनी साडी घेतली नाही. चहा घेतला आणि गेल्या. मी मात्र त्याच संध्याकाळी भावाकडून ग्रुप माझ्या हातात घेतला. घरी आम्ही हिंदीतच भांडतो, आणि चांगले भांडलो. "आपा, दुकान लोगों को दिखना चाहिए," तो म्हणे. मी म्हणे, ज्याला रोज बघावं लागतं त्याकडे कोणी बघत नाही.

मी सदस्यांचं लिहिणं बंद केलं. फक्त आम्ही लिहायचं. आठवड्यातून एकच निरोप, गुरुवारी दुपारी, कारण शुक्रवारी दुकान अर्धा दिवस बंद असतं. फोटो तीन, तेही आकारानं लहान करून. नवं काही नसेल तर त्या गुरुवारी काहीच नाही. निरोप आवाजाविना पाठवायचा, बटण दाबून धरलं की तशी सोय येते. कोणाला काही विचारायचं असेल तर मला वेगळं लिहावं, बाकीच्यांनी ते का ऐकावं? हे सगळं चार ओळींत लिहून ग्रुपच्या माथ्यावर टाचून ठेवलं. आणि बऱ्याच महिन्यांत ज्यांनी काहीच पाहिलं नाही त्यांना मी एकदा वेगळं विचारायची, ठेवू की काढू? उत्तर नाही आलं तर काढायची. नाराज होऊन राहण्यापेक्षा गेलेलं बरं.

ग्रुप एकदम शांत झाला. सुरुवातीला ती शांतता मलाच भिववायची. ऐंशी-पंचाऐंशी बायका एका खोलीत बसल्यात आणि कोणी खोकतसुद्धा नाही, असं वाटायचं. पण ग्रुप लहान असला की आपला निरोप कोणी कोणी पाहिला ते टेलिग्राम आठवडाभर दाखवतं. बारीक गोल चेहरे एकाखाली एक येत जातात. गुरुवारी दुपारी निरोप टाकला की संध्याकाळपर्यंत चाळीस, शुक्रवारी साठ. मी त्या चेहऱ्यांची वाट पाहायला शिकले. दुकानाच्या पायरीवर चपला वाजाव्यात तसे ते वाजायचे. सिस्टरांचा चेहरा नेहमी शेवटी यायचा, शनिवारी नाही तर रविवारी. फोटोत त्यांनी स्वतःच स्वतःला टिपलं होतं, त्यामुळे कपाळ अर्धं कापलेलं आणि मागं पांढरं आभाळ. तो चेहरा आला की मला कळायचं, आज सिस्टर झाडाखाली उभ्या आहेत.

एकदा त्यांनी मला वेगळं लिहिलं. "मोहरी रंगाची बाजूले ठेवजा. दिवाळीत येते." मी लिहिलं, ठेवली.

दिवाळीत त्या आल्या नाहीत. त्यांच्या मुलीचा फोन आला. ती नागपूरला फार्मसी शिकते. एकदा आईसोबत दुकानात आली होती, म्हणून नंबर होता. ताप मेंदूत गेला, गडचिरोलीला नेईपर्यंत उशीर झाला, असं ती एका सुरात बोलली, जणू दुसऱ्या कोणाचं सांगते आहे. मोहरी साडी मी नंतर विकली नाही, पण त्याचं फार काही मनात धरलं असंही नाही. ती वरच्या फळीवर राहून गेली एवढंच.

भाऊ म्हणाला, "अब उनको ग्रुप से निकाल दो."

माझाच नियम होता. न पाहणाऱ्याला विचारायचं, उत्तर नसेल तर काढायचं. पण विचारू कोणाला? मी ते पुढे ढकललं. त्यांच्या नावाखाली आधी 'महिन्याभरात दिसल्या' असं यायचं, मग 'बऱ्याच काळापूर्वी दिसल्या'. तसंच राहू दिलं.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. चंद्रपूरचा उन्हाळा ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून कळणार नाही. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. शटर अर्ध्यावर ओढलेलं, कूलरची घरघर, भाऊ जेवायला घरी. मी निरोप टाकला, तीन फोटो, दोन ओळी. पाणी प्यायले आणि सवयीनं पाहिलं कोणी पाहिलंय का.

एकच चेहरा होता. अर्धं कापलेलं कपाळ, मागं पांढरं आभाळ.

मी फोन उलटा ठेवला. मग वाटलं, भास झाला असेल. पुन्हा उघडला. त्यांच्या नावाखाली निळ्या अक्षरांत होतं, 'ऑनलाइन'.

हे मी कोणाला सांगितलं नाही. पुढच्या गुरुवारी मुद्दाम तासभर उशिरा निरोप टाकला. अर्ध्या मिनिटात तोच चेहरा, सगळ्यांच्या आधी. जिवंत होत्या तेव्हा कायम शेवटी येणाऱ्या सिस्टर आता पहिल्या येत होत्या. जणू आता त्यांना टेकडी चढावी लागत नव्हती.

तिसऱ्या गुरुवारी मी निरोप टाकलाच नाही. त्यांचं आणि माझं वेगळं बोलणं उघडून बसले. तेच दोन निरोप, 'बाजूले ठेवजा' आणि माझं 'ठेवली'. बघता बघता वर अक्षरं हलली, 'लिहीत आहे…' ती ठिपक्यांची रांग थांबली. पुन्हा सुरू झाली. पुन्हा थांबली. मग निरोप उमटला.

"मोहरी रंगाची अजून आहे का"

प्रश्नचिन्ह नव्हतं.

मी पदर डोक्यावर घेतला, कुराणातली आयतुल कुर्सी म्हटली आणि शटर वर ढकलून उन्हात जाऊन उभी राहिले. भाऊ येईपर्यंत आत गेले नाही.

त्याला दाखवलं. त्यानं निरोप दोनदा वाचला, मग त्याच्यातला दुकानदार जागा झाला. "किसी ने अकाउंट उठा लिया है. आपा, ग्रुप में अस्सी औरतें हैं. ये आदमी उनके नाम देख सकता है. कल को सिस्टर के फोटो से किसी को लिखेगा, मुसीबत में हूँ, पैसे भेजो. अभी निकालो."

त्याचं खरं होतं. बायका माझ्या भरवशावर आत आल्या होत्या. मला लिहिणं बंद करता येतं, पण आत असलेल्याला सदस्यांची नावं दिसतात आणि तो कोणालाही वेगळं लिहू शकतो. मी नावावर बोट ठेवलं, 'काढून टाका' समोर आलं. पण ते 'लिहीत आहे' मी पाहिलं होतं. लिहून थांबणं, पुन्हा लिहिणं. ठगाला इतका संकोच कशाचा असेल?

मी लिहिलं, "आपण कोण?"

माझ्या निरोपावर दोन टिका पडल्या. मग आलं, "मले माहीत नाई."

आणि लगेच, "हा फोटो माहा नाई. ह्या बाई कोण आहेत तुमाले माहीत आहे का"

भाऊ म्हणाला, फोन लाव. मी टेलिग्रामवरूनच लावला. पडदाभर सिस्टरांचा चेहरा पसरला आणि रिंग वाजायला लागली. मेलेल्या माणसाला फोन लावला आहे आणि तिकडून तो उचलला जाणार आहे, असं वाटून मी फोन भावाच्या हातात दिला. त्यानं तो परत माझ्याकडे सरकवला.

"हॅलो." कोवळा, घाबरलेला आवाज.

"कुठून बोलता?"

"जिवतीवरून. दीदी, मी काई नाई केलं."

ती एक नवी सून होती, कापूस-सोयाबीनवाल्या घरातली. बाजाराच्या दिवशी तिनं नवं सिम घेतलं. अंगणवाडी भरतीची तयारी करत होती आणि नोट्स टेलिग्रामवर मिळतात म्हणून ते उतरवून घेतलं. नंबर टाकला, एसएमएसवर आकडा आला, तो घातला. नवं खातं उघडायच्या ऐवजी एका अनोळखी बाईचा चेहरा आणि नाव घेऊन ती आत जाऊन पोचली.

भावाला तेव्हा उमजलं. सिस्टरांचं सिम रिचार्जविना बंद पडलं. काही महिन्यांनी कंपनीनं तो नंबर दुसऱ्याला दिला. टेलिग्रामचं खातं नंबरला बांधलेलं असतं आणि सगळं बोलणं फोनमध्ये नाही, तिकडे साठलेलं असतं. वर आणखी एक पासवर्ड लावायची सोय आहे, सिस्टरांनी ती लावली नव्हती. म्हणजे ज्याच्याकडे नंबर, त्याच्याकडे ते सगळं जग.

भीती उतरायला हवी होती. उतरली नाही. तिच्या पुढच्या बोलण्यानं उलट ती वाढली.

"दीदी, मी बंदच करणार होती. पण ह्या बाईंले कोणी तरी रोज लिहून राह्यलं. 'आई' म्हणते. 'आई, आज प्रॅक्टिकल होतं. आई, आज मेसची भाजी खारट.' मी खाली खाली गेली, कोण हाय ते पाहाले. अन मंग मले समजलं का वाचलं का तिकडं दोन टिका दिसतात. तवापासून झोप नाई येत."

"मग मला का लिहिलं? तिलाच का नाही?"

"तिले काय लिहू? अन दुसऱ्या ग्रुपात कोणाले विचारू? या खात्यात लय ग्रुप आहेत. एकेकात हजार हजार मेसेज पडून राह्यले. लॉटरी, नोकरी, कायकाय. माणूस कुठी दिसतच नाई. तुमच्या इथी हप्त्यातून एकच येते. मले वाटलं, इथी कोणी तरी बसून आहे. म्हणून गुरुवारी वाट पाहत होती. साडीचं विचारलं ते बोलायले काई सुचलं नाई म्हणून."

भाऊ काउंटरवरची धूळ पुसत राहिला, जिथं धूळ नव्हती तिथंही.

मुलीला सांगणं माझ्यावर आलं. मी दोन दिवस टाळलं. शेवटी फोन केला आणि जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. माझं संपल्यावर म्हणाली, "दोन टिका झाल्या ते मी पाहिलं होतं, दीदी."

"कोणाला बोलली नाहीस?"

"नाही. बोलली असती तर कोणी तरी कारण सांगितलं असतं." मग म्हणाली, "मी रात्रंदिवस फोन हातात घेऊन बसायची. मला वाटे, आई वाचते आहे, आता फक्त लिहायचं राहिलं."

त्या एका वाक्यानंतर मला कळलं की आमच्या तिघींत सगळ्यात जास्त अंधारात ती उभी होती, आणि तिला त्या अंधारातून बाहेर यायचंही नव्हतं.

दोघी रविवारी दुकानात आल्या. मुलगी नागपूरहून, सून नवऱ्याबरोबर जिवतीवरून बसनं. नवरा बाहेर पानठेल्यावर थांबला. सून जेमतेम वीस-एकवीसची, हातातला चुडा अजून नवा. तिनं आत येताच फोन काउंटरवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरली, जशी एखादी कोणाची सापडलेली वस्तू परत करताना सरते.

मुलीनं त्याला हात लावला नाही. "तुम्ही किती वाचलं?"

"सुरवातीचे थोडे. मंग फक्त खाली गेली. कसम."

"भाजी खारट होती ते?"

"हो."

मुलगी हसली आणि हसता हसता तिचा चेहरा फाटल्यासारखा झाला. सून पुढे आली. काय करावं तिला कळेना, म्हणून ती मुलीच्या शेजारच्या स्टुलावर फक्त बसली, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ.

काम भावानं केलं. आधी वाटलं होतं खातं पुसून टाकावं, म्हणजे सुनेला तिच्या नंबरावर स्वतःचं खातं उघडता येईल. मुलगी नको म्हणाली. तेव्हा भावानं दुसरी वाट काढली. खात्याचा नंबर बदलता येतो. नवा नंबर फक्त टेलिग्रामवर आधीपासून नसावा. मुलीनं येताना दुसरं सिम आणलं होतं. सुनेच्या फोनवरून भावानं तो नंबर टाकला, मुलीच्या फोनवर आकडा आला, तो सुनेला सांगितला. क्षणात सिस्टरांचं खातं सुनेच्या नंबरावरून सुटलं. मुलीनं आपल्या फोनवर ते उघडलं, वरचा पासवर्ड लावला आणि सुनेच्या फोनवरचं बंद केलं. मग सुनेनं स्वतःच्या नंबरावर स्वतःचं खातं उघडलं. फोटोच्या जागी नुसतं नावाचं पहिलं अक्षर, निळ्या गोलात. ती त्या अक्षराकडे अशी बघत होती, जणू आजारातून उठल्यावर आरशात बघते आहे.

मुलगी आईच्या बाजूनं स्वतःचे निरोप वाचत बसली. तिकडून बघितलं तर तेच शब्द डाव्या बाजूला दिसतात, दुसऱ्या कोणी लिहिल्यासारखे. तिनं आवाज न करता वाचले. आम्ही तिघं तिच्याकडे न बघता बसलो. कूलरचं पाणी संपलं तरी कोणी उठलं नाही.

जाताना तिनं विचारलं, "ग्रुपमध्ये आईला राहू दे का?"

मी म्हटलं, तुझी मर्जी.

ती म्हणाली, "नको. तुमच्या बायका घाबरतील." आणि तिथंच तिनं आईला ग्रुपातून बाहेर काढलं. माझ्या फोनवर मधोमध बारीक अक्षरांत ओळ आली, अमुक यांनी ग्रुप सोडला. आमच्या ग्रुपात गुरुवारशिवाय उमटलेली ती त्या वर्षातली एकमेव ओळ.

त्यानंतरच्या गुरुवारी मी फोटो टाकले नाहीत. एक साधा निरोप लिहिला: नंबर बदलला तर आधी आम्हाला कळवा, खात्यावर पासवर्ड लावा, घरात कोणी गेलं असेल तर त्यांच्या नंबराचं काय करायचं ते ठरवा, कारण बंद पडलेला नंबर दुसऱ्याला मिळतो. सिस्टरांचं काही लिहिलं नाही. पाहणारे चेहरे त्या दिवशी भराभर आले. लिहायची सोय बंद असल्यानं उत्तर कोणी दिलं नाही.

शनिवारी एक बाई दुकानात आल्या. ग्रुपात पहिल्यापासून आहेत, वरोऱ्याच्या बाजूच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांनी दोन साड्या उलगडायला लावल्या, परत घडी करायला लावल्या. दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत थांबल्या. मग खाली बघत म्हणाल्या, "दीदी, रिचार्ज मारत राह्यलं तर नाई ना देत कोणाले?"

"नाही," मी म्हटलं. "चालू ठेवला तर नाही देत."

त्यांनी मान हलवली. पर्समधून जुना, बटणांचा फोन काढला, उजेडाकडे धरून कांड्या पाहिल्या आणि पुन्हा आत ठेवला.

"ह्यांचा नंबर कधी कधी लावते मी," त्या म्हणाल्या. "माह्याच पर्समध्ये वाजते."